सहकारी बोर्डगेममध्ये एकच जण सगळ्यांच्या पाळ्या का खेळतो?

मृण्मयी_इंदूर

सहकारी बोर्डगेममध्ये सगळे एकाच बाजूला असतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. तरी बघता बघता चौघांतला एक जण उरलेल्या तिघांच्या पाळ्या खेळायला लागतो. बोर्डगेमवाले त्याला अल्फा म्हणतात आणि बहुतेक जण हा स्वभावाचा दोष मानतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे जो मावसभाऊ हे करतो, तो एरवी घरात कुणाला पाणी आण म्हणूनसुद्धा सांगत नाही. आणि जी भाची तिथे गप्प बसते, ती कॅरमला बसली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणजे खेळाच्या रचनेतच काहीतरी असणार. गेम थिअरी जाणणाऱ्यांनी हे उलगडून सांगावं म्हणून हा धागा.

उदाहरण नेमकं देते. खेळ पँडेमिक, मॅट लीकॉकचा, २००८ चा. जगाचा नकाशा, चार रोग, शहरांवर रोगाचे रंगीत क्यूब. आपल्या पाळीला चार ॲक्शन मिळतात. एका रंगाची पाच कार्डं घेऊन संशोधन केंद्रात पोचलं की त्या रोगावर इलाज सापडतो. शास्त्रज्ञाची भूमिका असेल तर चारच कार्डं पुरतात. आम्ही सगळ्यांची कार्डं उघडी ठेवतो.

भाची मेडिक होती, प्यादं कराचीत. मुंबईत तीन काळे क्यूब, दिल्लीतही तीन. मेडिक एका ॲक्शनमध्ये शहरातले एका रंगाचे सगळे क्यूब उचलतो, म्हणजे चार ॲक्शनमध्ये दोन्ही शहरं साफ. प्रश्न एवढाच की आधी कुठलं. भावाने तिचं प्यादं उचललं, मुंबई साफ केली, दिल्ली साफ केली आणि सांगितलं, "दिल्लीत थांबायचं, इथून पाच शहरांना वाट आहे, मुंबईतून तीनच." तर्क चोख होता.

पण भाचीच्या हातात मुंबईचं कार्ड होतं. पुढची पाळी शास्त्रज्ञाची, तो चेन्नईत, त्याच्याकडे तीन काळी कार्डं, आणि संशोधन केंद्र दिल्लीत. कार्ड द्यायचं तर दोघं त्याच शहरात हवेत. ती आधी दिल्ली करून मुंबईत थांबली असती, तर शास्त्रज्ञ चेन्नईहून मुंबईला येऊन कार्ड घेतो, दिल्लीला जातो आणि इलाज शोधतो. बरोबर चार ॲक्शन, काळ्या रोगावरचा इलाज त्याच पाळीत सापडला असता.

तिला हे दिसलं होतं. नंतर बोर्ड आवरताना मला म्हणाली. तेव्हा का नाही बोललीस विचारलं तर म्हणे, "मामाने हलवूनच टाकलं. वाटलं, त्याला आणखी काही दिसलं असेल."

हे "वाटलं" मला समजून घ्यायचं आहे.

पराग_रा

ताई, हा सरळ सरळ प्रिझनर्स डिलेमा आहे. प्रत्येक जण स्वतःपुरतं बघतो आणि सगळ्यांचं मिळून नुकसान होतं. मामाला हुकूम सोडण्यात मजा आहे, भाचीला गप्प बसणं सोपं आहे. दोघांपैकी कुणी एकट्याने वागणं बदललं तर त्याचाच तोटा, म्हणून ते तसंच चालू राहतं. नॅश समतोल म्हणतात तो हाच. उपाय एकच, अल्फाला शिक्षा. आमच्या ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या प्याद्याला हात लावला की पुढची एक पाळी तोंड बंद.

श्रीकाका

पराग, तुझं नॅश समतोलाचं म्हणणं अगदी बरोबर आहे, प्रिझनर्स डिलेमाचं नाही. प्रिझनर्स डिलेमात दोघांचे स्वार्थ एकमेकांना छेद देतात. दुसऱ्याला दगा दिला तर माझी सुटका लवकर होते. इथे बक्षीस एकच आणि ते सगळ्यांना सारखं. अशा गटाचा विचार याकोब मार्शाकने १९५५ मध्ये वेगळा मांडला, पुढे रॉय रॅडनरबरोबर त्याचा पूर्ण सिद्धांत केला. त्यात प्रश्न दगाबाजीचा नसतोच. कुणाला काय माहीत आहे आणि ते पाहता कुणी काय ठरवावं, एवढाच असतो.

आता मृण्मयीच्या टेबलाकडे बघू. कार्डं उघडी, नकाशा उघडा, हेतू एक. ज्याला जे दिसतं ते सगळ्यांना दिसतं. मग गणिताच्या दृष्टीने तिथे चार खेळाडू नाहीतच. एकच निर्णय घेणारा आणि त्याची चार प्यादी आहेत. त्या एकाच्या जागी कोण बसणार, एवढंच ठरायचं राहतं.

ते कसं ठरतं हे आकड्यांनी दाखवतो. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, खेळात मोजलेले नाहीत. दोनच खेळाडू घ्या. जिंकण्याची किंमत दोघांनाही १०. कुणीच नीट डोकं लावलं नाही तर जिंकण्याची शक्यता २० टक्के. एकाने लावलं तर ५०. दोघांनी लावलं तर ५५, कारण दुसऱ्याला दिसणारं बहुतेक पहिल्याला दिसलेलंच असतं. डोकं लावण्याची मेहनत १.

दुसरा डोकं लावतोय हे मला माहीत असेल, तर मी गप्प बसून ५ मिळवतो आणि मेहनत घेऊन ४.५. म्हणजे गप्प बसणं बरं. दुसरा लावत नसेल, तर मी मेहनत घेऊन ४ मिळवतो आणि गप्प बसून २. म्हणजे मेहनत घेणं बरं. तेव्हा स्थिर अवस्था दोनच, आणि दोन्हींत नेमका एक जण विचार करतो. अँड्रियास डीकमनने १९८५ मध्ये याच घडणीला स्वयंसेवकाचा पेच असं नाव दिलं.

आणि तो एक कोण? ज्याला मेहनत कमी पडते तो, म्हणजे ज्याने हा खेळ जास्त वेळा खेळलाय तो. तो विचार करतो म्हणून अजून तरबेज होतो. त्याची मेहनत आणखी कमी होते, बाकीच्यांची तेवढीच राहते. पुढच्या वेळी कोण बोलणार हे कुणाला विचारावंच लागत नाही.

सुमेधा_ग्वाल्हेर

मला पँडेमिक वगैरे माहीत नाही, पण हे दुखणं चांगलं माहीत आहे. आमच्याकडे मेंढीकोट चालतो. माझे भिडू थोरले दीर. परवाचीच गोष्ट. हात त्यांचा होता, एक्का टाकला होता त्यांनी, म्हणून मी त्यावर दश्शी दिली. माझ्यामागून समोरच्या जोडीतल्या चौथ्याने हुकमाने कापलं आणि मेंढी गेली. त्यानंतर डाव संपेपर्यंत ऐकतेय, "वहिनी, मागे माणूस बसलाय हे बघायला नको?" त्याच्याकडे तो रंग संपलाय हे मला काय स्वप्नात दिसणार होतं? आता मी दश्शी हातातून सोडतच नाही, बसते धरून. तर श्रीकाका, आमच्या खेळात पानं झाकलेली असतात. तुमच्या हिशेबाने तिथे दादागिरी व्हायलाच नको होती ना?

खेळिया_बडोदा

सुमेधाताई, तुमचा प्रश्न काकांसाठी ठेवतो, पण तुम्हाला आवडेल असा एक खेळ सांगतो. द क्रू, थॉमस सिंगचा, २०१९ चा. मेंढीकोटासारखेच हात घ्यायचे, हुकूमही आहे, फक्त सगळे एकाच बाजूचे. कुणी कुठला पत्ता जिंकायचा हे आधी ठरतं. डावात प्रत्येकाला एकदाच एक पान उघडं मांडून एवढंच सांगता येतं की हे त्या रंगातलं माझं सर्वांत मोठं, सर्वांत लहान किंवा एकमेव आहे. बाकी तोंड बंद.

धाग्यावर येतो. मी खेळ विकत घेण्याआधी एक कसोटी लावतो, ती काकांच्या म्हणण्याशी जुळते. नियमांना धक्का न लावता एकटा माणूस चारही भूमिका खेळू शकतो का? पँडेमिक एकट्याने दोन-तीन भूमिका घेऊन आरामात खेळता येतं. मग ते चौघांत खेळताना अल्फा येणारच. हनाबी एकट्याने खेळून दाखवा. तिथे स्वतःची पानं स्वतःला दिसत नाहीत, बाहेरच्या बाजूला तोंड करून धरायची. इशारा द्यायचा तर तो फक्त रंगाचा किंवा आकड्याचा, तोही आठ टोकनांतलं एक खर्चून. माझ्या हातात काय आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत, आणि पान टाकायचं मी. एकटा खेळूच शकत नाही. आंत्वान बोझाचा हा खेळ, २०१३ चा श्पील देस यारेस हा जर्मन पुरस्कार मिळाला त्याला.

दुसरा मार्ग घड्याळाचा. स्पेस ॲलर्टमध्ये ध्वनिफीत चालू असते आणि दहा मिनिटांच्या आसपास सगळे बेत ठरवून व्हावे लागतात. दुसऱ्याची पाळी खेळायला वेळच नसतो. तिसरा मार्ग डोक्यावरच्या ओझ्याचा. स्पिरिट आयलंडमध्ये प्रत्येकाच्या स्पिरिटची ताकद, पत्ते, वाढ इतकं वेगळं असतं की स्वतःचं सांभाळतानाच दमायला होतं.

श्रीकाका

खेळिया, तुझी कसोटी आकड्यांत बसवतो. हनाबीत एकाने डोकं लावून फार काही होत नाही, कारण उरलेली माहिती दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. समजा कुणीच नाही तर १० टक्के, एकाने ३०, दोघांनी ६०. मेहनत तीच, १. दुसरा विचार करत असेल तर मला मेहनत घेऊन ५, गप्प बसून ३. दुसरा करत नसेल तर मेहनत घेऊन २, गप्प बसून १. दोन्ही परिस्थितीत विचार करणंच बरं. माणसं तीच, स्वभाव तेच. फक्त दुसऱ्या डोक्यामुळे पडणारी भर ५ टक्क्यांवरून ३० वर गेली आणि गप्प बसणं परवडेनासं झालं.

सुमेधाताई, तुमच्या दिरांना पान टाकण्याआधी काही सांगता येत नाही, कारण तुमचा हात त्यांना दिसत नाही. ते बोलतात पान पडल्यावर. ती दादागिरी या डावासाठी नसतेच, पुढच्या डावासाठी असते. रोज एकत्र खेळणाऱ्यांत आजची बोलणी उद्याची शिक्षा म्हणून काम करतात. आणि परिणाम तुम्हीच लिहिलाय, तुम्ही आता दश्शी सोडत नाही. पानं झाकून आज्ञा थांबते, धाक थांबत नाही. त्यांचा हात असताना दश्शी देणं हा चांगलाच डाव आहे, एकदा कापली गेली म्हणून तो वाईट ठरत नाही. एवढं मात्र दिरांना जरूर ऐकवा.

कौस्तुभ_वि

मी आमच्या ग्रुपचा अल्फा आहे, माझी बाजूही ऐका.

मी गप्प बसून पाहिलंय. समोर चूक होताना दिसते, मी बोलत नाही, आपण हरतो. मग सगळे माझ्याकडे वळतात, "तुला दिसत होतं तर सांगितलं का नाहीस?" बोलून हरलो तर कुणी काही म्हणत नाही, नशीब वाईट म्हणतात. म्हणजे बोलण्याची जबाबदारी माझ्यावर तुम्हीच टाकलीत. काकांच्या हिशेबात हा खर्च कुठे आहे?

आणि खरं सांगतो, मला चारही पाळ्या खेळायला आवडत नाही. दमतो मी. कुणीतरी "मला असं करायचंय" म्हणावं याची वाट बघतो. कुणी म्हणत नाही, सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. पाच सेकंद शांतता झाली की मीच सुरू होतो.

मृण्मयी_इंदूर

कौस्तुभदादा, हे वाचून बरं वाटलं, आमचा भाऊही अगदी हेच म्हणतो.

पण काका, तुमच्या आकड्यांत मला एक गोष्ट खटकते. विचार करणं म्हणजे मेहनत, खर्च, असं तुम्ही धरलंत. बोर्डगेमला आपण बसतोच मुळी विचार करायला. ज्याला तो खर्च वाटतो तो टीव्ही बघेल. शिवाय भाचीने विचार केला होता! मुंबई-दिल्लीचा अख्खा क्रम तिच्या डोक्यात तयार होता. ती फक्त बोलली नाही.

श्रीकाका

चांगला मुद्दा. मग आनंद वेगळा मांडू. मला वाटतं, आनंद विचार करण्याचा कमी आणि आपला विचार पटावर उतरण्याचा जास्त असतो. आपण ठरवलेली चाल खेळली गेली तर २ चा आनंद धरू. ती खेळली जाण्याची शक्यता प. विचार केल्याने जिंकण्यात पडणारी भर ५ टक्क्यांची, म्हणजे १० च्या हिशेबात ०.५. मेहनत १. तेव्हा ०.५ आणि २प मिळून १ पेक्षा जास्त झाले तरच विचार करून तोंड उघडणं परवडतं. म्हणजे प पाव भागापेक्षा मोठा हवा. चारांत एकदा तरी आपलं ऐकलं जाईल अशी खात्री हवी.

कौस्तुभ, तुझा खर्चही खरा आहे. गप्प राहून हरलं तर बोल लागतो, बोलून हरलं तर लागत नाही. त्यामुळे ज्याला जास्त येतं असं सगळे समजतात, त्याला गप्प बसणं इतरांपेक्षा महाग पडतं. तो आकडा तुझ्या रकान्यात घातला की तुझं बोलणं आणखी पक्कं होतं.

पराग_रा

काका, एक शंका. ती ०.५ ची भरसुद्धा ऐकलं गेलं तरच पडेल ना? मुंबईत थांबायचा विचार भाचीच्या डोक्यातच राहिला तर जिंकण्याची शक्यता एका टक्क्यानेही वाढत नाही. म्हणजे प ने दोन्हींना गुणायला हवं:

प × (०.५ + २) > १

म्हणजे प > ०.४. पाचांत दोनदा. तुमच्या पावापेक्षा बराच वरचा उंबरठा आहे.

श्रीकाका

बरोबर, ०.४ च धरा.

आणि आता मृण्मयीच्या "वाटलं"कडे येतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. भाचीला स्वतःचा प कसा कळणार? आजवर किती वेळा ऐकलं गेलं त्यावरून. सुरुवातीला दोन-तीन वेळा मामाचं प्यादं आधी हललं, तिचा अंदाज ०.४ च्या खाली गेला, ती बोलायची थांबली. बोलायची थांबल्यावर नवा अनुभव येणंच बंद झालं. पुढे मामा कितीही ऐकायला तयार झाला तरी तिला ते कळायला वाव नाही, कारण ती विचारतच नाही.

आता मामाच्या बाजूने बघा. त्याला वाटतं, दुसऱ्या डोक्याने फारशी भर पडत नाही. कशावरून? कारण दुसरं डोकं कधी काही सुचवत नाही! मुंबईवाली चाल त्याला कळली असती तर त्याचा अंदाज बदलला असता. ती बोर्ड आवरताना मावशीच्या कानात सांगितली गेली.

दोघांचेही समज चुकीचे असू शकतात, पण टेबलावर जे घडतं त्यातलं काहीच त्या समजांना खोटं पाडत नाही. फ्युडेनबर्ग आणि लेव्हाइन यांनी १९९३ मध्ये अशा समतोलाचा अभ्यास मांडला. तो स्वतःच स्वतःला खरा ठरवत राहतो, कारण ज्या वाटेने तो खोटा ठरला असता त्या वाटेने कुणी जातच नाही. नॅश समतोलापेक्षा हा ढिला प्रकार. नॅशमध्ये दुसरा काय करेल याचा अंदाज बरोबर असावा लागतो. इथे फक्त जे प्रत्यक्ष दिसलं त्याच्याशी जुळला की पुरे.

म्हणून मला परागची शिक्षा पटत नाही. अल्फाला गप्प केलं तर त्याची मेहनत वाया जाते, आणि भाचीचा प किती हे तरीही तिला कळत नाही. तिने बोललं पाहिजे आणि ते त्याने ऐकलं पाहिजे, मगच दोघांचे अंदाज हलतील.

खेळिया_बडोदा

काका, मग आमच्याकडचा नियम तुमच्या चौकटीत बसतो. ज्याची पाळी त्याने आधी आपला बेत मोठ्याने सांगायचा, चारही ॲक्शनसकट. तोवर कुणी बोलायचं नाही. सांगून झाल्यावर बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. "कार्डाचं काय?" असा प्रश्न चालतो, "दिल्लीला जा" चालत नाही. आणि प्यादं ज्याचं त्यानेच हलवायचं, हे सर्वांत महत्त्वाचं. प्यादं हललं की चर्चा संपली असंच सगळे धरतात, मृण्मयीताईंकडेही तसंच झालंय.

आमचं टेबल कुठे चाललंय हे मी एका गोष्टीवरून ओळखतो. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वाक्य कोण बोलतं? ज्याची पाळी तोच बोलत असेल तर ठीक. दुसराच बोलत असेल, किंवा ज्याची पाळी तो बोर्डाकडे न बघता कुणाच्या तोंडाकडे बघत असेल, तर खेळ एकाचा झालाय.

मृण्मयी_इंदूर

हा नियम काल करून पाहिला. भावाने मनापासून पाळला. भाची पहिल्या पाळीला फार वेळ घेत होती, मग बोलायला लागली. एका पाळीला तिने अटलांटाला परत जायचा बेत सांगितला, तो चुकीचाच होता. भावाने विचारलं, "इस्तंबूलला दोन क्यूब आहेत, आणि एक कार्ड पडलं तर?" तिने स्वतःच बेत बदलला.

पण डावातलं दुसरं एपिडेमिक कार्ड आलं, आऊटब्रेकचा, म्हणजे रोग शेजारच्या शहरांत उसळण्याचा आकडा सहावर गेला, आणि नियम कुठच्या कुठे गेला. आठ झाले की खेळ संपतो. भाऊ उभाच राहिला आणि सगळ्यांच्या पाळ्या सांगायला लागला. कुणी अडवलंही नाही. मीसुद्धा नाही, कारण मलाही जिंकायचं होतं.

कौस्तुभ_वि

हेच होणार. शेवटी एक चूक म्हणजे खेळ खलास. तेव्हा पाचांत दोनदा कुणाचं ऐकायला परवडत नाही.

माझा प्रश्न असा. आम्ही खेळ अवघड करून पाहिला. एपिडेमिकची कार्डं चाराऐवजी सहा घातली, वाटलं एका डोक्याला झेपणार नाही आणि सगळे बोलतील. झालं उलटंच. मी आणखी बोलायला लागलो. स्पिरिट आयलंड अवघड आहे आणि तिथे अल्फा कमी, मग पँडेमिक अवघड केल्यावर अल्फा वाढला का?

पराग_रा

मला वाटतं, अवघड होण्याचे दोन प्रकार आहेत. सहा एपिडेमिकने चुकीची किंमत वाढते, पण पटावर बघायची माहिती तेवढीच राहते. एका माणसाला ती अजूनही सगळी दिसते. म्हणजे दुसऱ्या डोक्याची भर ५ टक्केच, फक्त हरण्याची भीती जास्त. स्पिरिट आयलंडमध्ये माहितीच इतकी असते की एकाला ती पुरी वाचता येत नाही, तिथे भर वाढते. अवघड करायचं तर दुसऱ्या प्रकाराने करा.

श्रीकाका

पराग, हे छान पकडलंस. थोडी पुरवणी जोडतो. माहिती उघडी असली तरी एका माणसाचं लक्ष सगळीकडे पुरत नाही, मामाच्या नजरेतून मुंबईचं कार्ड सुटलंच की. म्हणजे ती ५ टक्क्यांची भर पँडेमिकमध्येही स्थिर नाही. डाव पुढे सरकतो, हातातली कार्डं वाढतात, तशी ती वाढत असावी. तसं असेल तर शेवटी, जिथे सगळे अल्फाच्या हवाली होतात, तिथेच दुसऱ्या डोक्याची गरज सर्वांत जास्त. पण कौस्तुभ म्हणतो तेही खोटं नाही. शेवटी वेळ घालवून चार बेत ऐकत बसलं तर गोंधळही वाढतो. यातलं कुठलं पारडं जड, हे मी कागदावर ठरवू शकत नाही.

खेळिया_बडोदा

हनाबीबद्दल मीच वर छातीठोक लिहिलं, पण एक राहिलं. हनाबी नीट खेळायला संकेत ठरवावे लागतात. समजा मी तुला लाल असा इशारा दिला आणि तुझ्याकडे दोन लाल आहेत, तर कुठलं आधी खेळायचं? सर्वांत नवं की सर्वांत डावीकडचं? दोन्ही संकेत चालतात, फक्त सगळ्यांनी एकच पाळायला हवा. मग तो कोण ठरवणार? आमच्याकडे जो सर्वांत जास्त खेळलाय तोच. डावात तो एक अक्षर बोलत नाही, पण संकेत सगळे त्याचे. चुकीचं पान पडलं की नुसता उसासा टाकतो, सुमेधाताईंच्या दिरांसारखा.

सुमेधा_ग्वाल्हेर

उसासा टाकतात ते परवडले. आमचे बोलतात!

काकांचं उत्तर काल दिरांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हात माझा असताना दश्शी द्यावी हे खरं, पण आधीच्या दोन हातांत चौथ्याने त्या रंगात काय टाकलं ते बघितलं असतं तर कळलं असतं." खरं म्हणजे ते मी बघितलं नव्हतं. पण मला ते त्यांनी कधी शिकवलंही नाही, फक्त नंतर बोलले. काका, शिकवणं आणि बोलणं यात तुमच्या थिअरीत काही फरक आहे का?

श्रीकाका

आहे, ताई. शिकवलं की तुम्हाला मेहनत कमी पडते, पुढच्या वेळी तुम्ही स्वतः विचार करता. नुसतं बोललं की तुमचा प खाली जातो आणि तुम्ही दश्शी धरून बसता. दिरांना वाटतं दोन्ही एकच, कारण दोन्हींत त्यांचं तोंड सारखंच चालतं.

खेळियाच्या हनाबीला मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दोन संकेत सारखेच चांगले असतील तर कुठला निवडायचा, हे फायद्या-तोट्याचं गणित सांगत नाही. थॉमस शेलिंगने १९६० मध्ये दाखवलं की अशा वेळी माणसं जे ठळक दिसतं तिकडे वळतात, आणि टेबलावर सर्वांत ठळक असतो तो जुना खेळाडूच. संकेत चिठ्ठी टाकून निवडून पाहिलेत का कुणी? किंवा नव्या माणसाला संकेत ठरवायला सांगून?

खेळिया_बडोदा

चिठ्ठी नाही टाकली कधी. नव्या मुलीला ठरवू दिलं होतं एकदा. तिने सर्वांत जुनं पान आधी असा संकेत घेतला, आमच्या सवयीच्या उलटा. पहिले दोन डाव पार फसले. तिसऱ्यात ती आम्हाला दुरुस्त करत होती.

कौस्तुभ_वि

म्हणजे ती अल्फा झाली?

खेळिया_बडोदा

तेच ठरवता येत नाहीये मला. मृण्मयीताई, तुमच्याकडे हनाबी आहे का? भाचीला संकेत ठरवू द्या आणि काय होतं ते इथे लिहा. मामाला मात्र आधी सांगू नका की आपण काय बघतोय.